बोन ब्रॉथची सॅशे काही महिने वापरल्यावर: गुडघ्यासाठी घेतली, आत भरपूर मीठ

सासूबाईंच्या गुडघ्यांची झीज झालीये, दोन्ही गुडघे, उजवा जास्त. डॉक्टरांनी गोळ्या आणि व्यायाम दिलाय, पण नणंदेने कुठल्या तरी व्हिडिओत बघून बोन ब्रॉथ म्हणजे हाडांच्या रश्श्याच्या पावडरचा मोठा बॉक्स पाठवला आणि नंतर तो संपला तसा आम्हीच मागवत राहिलो. २८ सॅशे, १२६० रुपये, म्हणजे एक सॅशे ४५ रुपयांना. दिवसातून दोन घ्या असं बॉक्सवर लिहिलंय, म्हणजे रोजचे ९० रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण मी इतर दोन-तीन ब्रँडची लेबलं पण दुकानात उभी राहून वाचली, फार फरक नाही. चव चांगली आहे, हे आधीच सांगते. गरम पाण्यात लगेच विरघळतं, गुठळ्या होत नाहीत, पावसाळ्यात संध्याकाळी प्यायला बरं वाटतं. तक्रार चवीबद्दल नाहीच.

तक्रार सुरू झाली ती सासूबाईंच्या बीपीवरून. गोळी चालू असूनही बीपी वर जायला लागलं, डॉक्टरांनी विचारलं लोणचं-पापड वाढलंय का, तर नाही. मग मी घरी येऊन बॉक्स उलटा केला आणि पहिल्यांदाच मागची बारीक अक्षरं नीट वाचली. सोडियम १०० ग्रॅमला ६२०० मिलिग्रॅम. सॅशे १० ग्रॅमचं, म्हणजे एका कपात ६२० मिलिग्रॅम सोडियम. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ कळतं, म्हणजे एका कपात साधारण दीड ग्रॅम मीठ आणि दोन कपांत तीन ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ ठेवायला सांगते, सगळं जेवण धरून. बीपीच्या पेशंटच्या निम्म्याहून जास्त मिठाचा कोटा हे गुडघ्याचं औषध म्हणून प्यायलेलं सूप खाऊन टाकतंय, आणि बॉक्सच्या पुढच्या बाजूला याबद्दल एक शब्द नाही, तिथे फक्त सांधे, पोट, त्वचा, केस. याचा मला अजून राग आहे. आमच्याकडे सॅशे बंद केलं आणि डॉक्टरांनी गोळीत थोडा बदल केला, मग बीपी खाली आलं. दोन्ही एकदम झालं त्यामुळे सगळा दोष सूपचा असं मी म्हणणार नाही, पण तीन ग्रॅम मीठ हे तीन ग्रॅम मीठच आहे.

मग घटकांची यादी. आपल्याकडे लेबलवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचा नियम आहे, जे जास्त ते आधी. या यादीत पहिलं माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून काढलेली पावडर, दुसरं मीठ, आणि तिसऱ्या नंबरवर चिकन बोन ब्रॉथ पावडर. त्याच्यामागे यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, कांदा पावडर, लसूण पावडर, आणि चवीसाठी आयएनएस ६२७ व ६३१. म्हणजे ज्याच्या नावाने बॉक्स विकला जातोय ते तिसऱ्या नंबरचं आहे. पुढे मोठ्या अक्षरात प्रथिनांचा आकडा छापलाय, पण तो १०० ग्रॅमचा, कपात त्याच्या दहावा भागच उतरतो, त्यातही काही प्रथिनं यीस्ट एक्स्ट्रॅक्टची. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास असतात आणि अंडं सात-आठ रुपयांना मिळतं. शिवाय हाडांच्या रश्श्यातलं प्रथिन म्हणजे मुख्यतः कोलाजन, आणि त्यात ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल नसतंच, त्यामुळे ते अंड्या-दुधाच्या प्रथिनाची जागा घेऊ शकत नाही.

कस्टमर केअरला फोन केला, एकच प्रश्न होता, एका सॅशेत कोलाजन किती ग्रॅम.

"मॅडम, हे शंभर टक्के नॅचरल कोलाजन आहे."

"हो, पण किती?"

"मॅडम, आमचं चोवीस तास स्लो कुक केलेलं असतं."

पुन्हा विचारलं, तर टेक्निकल टीमचा मेल येईल म्हणाले. मेल आला, त्यात बॉक्सवरचीच वाक्यं होती, आकडा नाही.

म्हणून मी स्वतःच ताडून बघायचं ठरवलं आणि इथून पुढे माझं अर्धं लक्ष फ्रिजमध्येच अडकलं. हाडं, कूर्चा, कातडी यातलं कोलाजन पाण्यात बराच वेळ शिजलं की त्याचं जिलेटिन होतं, आणि जिलेटिन थंड झालं की थिजतं. म्हणजे खरा रस्सा फ्रिजमध्ये जेलीसारखा लागला पाहिजे. सॅशे सांगितल्याप्रमाणे पाण्यात करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी पाणी ते पाणीच, खाली थोडा गाळ.

मी लगेच निकाल लावणार होते पण धाकटे दीर फूड कंपनीत कामाला आहेत, ते म्हणाले "वहिनी, थांबा, नुसतं थिजलं नाही म्हणून कोलाजन नाही असं होत नाही." कोलाजन पेप्टाइड म्हणून जी पावडर मिळते तिच्यात साखळ्या एन्झाइमने इतक्या बारीक तोडलेल्या असतात की ती कधीच थिजत नाही, तरी ते कोलाजनच. घरीसुद्धा प्रेशरमध्ये तासन्‌तास शिजवलं की साखळ्या तुटत जातात आणि जेली सैल पडते. तेव्हा ही परीक्षा एकाच बाजूने चालते: घट्ट थिजलं तर जिलेटिन नक्की आहे, नाही थिजलं तर लेबल वाचा. लेबलवर हायड्रोलाइज्ड किंवा पेप्टाइड असं काही नव्हतं, आणि ब्रॉथ पावडर यादीत मिठाच्या मागे, म्हणजे सॅशेत फार तर दीड ग्रॅमच्या आसपास, तर कोलाजन त्याच्यावर जाऊच शकत नाही. इथे माझ्यापुरता प्रश्न सुटला.

मग घरचा रस्सा. माहेरी कोल्हापूरकडे मटण शिजवलं की आधी अळणी रस्सा वाटीत काढून आजारी माणसाला, लहान पोरांना द्यायची पद्धत आहे, तेच पायांचं करायचं. खाटकाकडून बकऱ्याचे चार पाय भाजून, साफ करून, तुकडे करून आणले, २४० रुपये. पहिल्यांदा पाच मिनिटं उकळून ते पाणी फेकलं, म्हणजे वास आणि काळा फेस जातो. मग दोन लिटर पाणी, आलं, मिरी, हळद, मीठ अजिबात नाही, कुकरला शिट्ट्या होऊ देऊन बारीक गॅसवर दीड तास. गाळून फ्रिजमध्ये. सकाळी वर चरबीचा पांढरा थर, तो चमच्याने उचलून काढला आणि खाली असा घट्ट लागला होता की पातेलं तिरकं केलं तरी हलेना, सुरीने वडी पाडता आली असती. मला खरंच आनंद झाला.

पण किती घट्ट म्हणजे किती ग्रॅम? केकच्या सामानाच्या दुकानातून साधं जिलेटिन आणलं. तीन वाट्या, प्रत्येकीत २०० मिली पाणी, एकीत २ ग्रॅम, दुसरीत ४, तिसरीत ६. जिलेटिन आधी थोड्या गार पाण्यात भिजवायचं, मग गरम पाण्यात विरघळवायचं, नाहीतर गुठळ्या होतात. रात्रभर शेजारी शेजारी ठेवलं. दोन ग्रॅमची वाटी जेमतेम धरलेली, डळमळणारी. चारची व्यवस्थित लागलेली. सहाची बोटाने दाबली तर परत वर येणारी. पायांचा रस्सा चार आणि सहाच्या मधला. म्हणजे वाटीत अंदाजे ५ ग्रॅम. जिलेटिनची ताकद कंपनीनुसार बदलते त्यामुळे हा ढोबळ हिशोब आहे, तरी सॅशेपेक्षा जास्तच. साधारण सात वाट्या निघाल्या, वाटी ३५ रुपयांच्या आत, आणि पाय खायला उरतात ते वेगळे. फक्त पुढच्या वेळी कोंबडीच्या नुसत्या छातीच्या हाडांचं केलं तर तेवढं लागलंच नाही, पाय-पंजे-कातडी नसली की जिलेटिन कमी. प्रत्येक पातेल्याचा आकडा वेगळा, त्यामुळे "बोन ब्रॉथमध्ये इतकं कोलाजन असतं" असं सरसकट कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

आता खरा मुद्दा, गुडघा. प्यायलेलं कोलाजन तसंच्या तसं गुडघ्यात जाऊन बसत नाही. पोटात आणि आतड्यात त्याची अमिनो आम्लं आणि लहान तुकडे होतात, ते रक्तात जातात आणि शरीर लागेल तिथे वापरतं. ज्या चाचण्यांमध्ये दुखणं थोडं कमी झाल्याचं दिसलं त्या बहुतेक रोज १० ग्रॅम कोलाजन पेप्टाइडवर, काही महिने, केलेल्या आहेत, सूपवर नाही, आणि त्यातल्या बऱ्याच बनवणाऱ्या कंपन्यांच्या पैशाने. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०११ मध्ये कोलाजन हायड्रोलायझेट, म्हणजे तेच पेप्टाइड, आणि सांध्यांचा दावा पुरावा पुरेसा नाही म्हणून मान्य केला नाही. बॉक्सवर नाव असलेल्या ग्लुकोसामीन-कॉन्ड्रॉइटिन या कूर्चेतल्या घटकांचं तर अजून स्पष्ट आहे, अमेरिकेत १५८३ गुडघेदुखीच्या पेशंटवर मोठी चाचणी झाली, २००६ मध्ये छापून आली, रोज १५०० मिलिग्रॅम ग्लुकोसामीन आणि १२०० मिलिग्रॅम कॉन्ड्रॉइटिन देऊनसुद्धा एकूण गटात खोट्या गोळीपेक्षा ठळक फरक पडला नाही. सॅशेवर यांचा आकडाच नाही.

सासूबाईंना फरक पडला का? पडला, जिना उतरताना आता कमी दुखतं. पण त्याच काळात फिजिओथेरपिस्टने मांडीच्या स्नायूंचे व्यायाम दिले होते, खुर्चीत बसून पाय सरळ करून धरायचा वगैरे. सॅशे बंद केल्यावर व्यायाम चालू राहिला आणि फरकही टिकला. मधे लग्नघरात व्यायाम सुटला तेव्हा रस्सा चालू असूनही दुखणं परत आलं. एका माणसावरून सिद्ध काही होत नाही, पण पैसे कुठे घालायचे हे मला कळलं.

कॅल्शियमसाठी कुणी पीत असेल तर थांबा. हाडातलं खनिज साध्या पाण्यात फारसं उतरत नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये १९३४ साली हे मोजून झालंय, तेव्हाच रश्श्यात कॅल्शियम अगदी थोडं सापडलं होतं. व्हिनेगर किंवा लिंबू घातलं तर थोडं वाढतं, पण एका कप दुधात दोनशे मिलिग्रॅमच्या वर असतं, तिथपर्यंत पोचत नाही. फ्रॅक्चर झालं की पायाचं सूप देतात ते भूक नसलेल्या माणसाच्या पोटात काहीतरी जावं म्हणून ठीक, हाड त्याने जुळत नाही.

पोटाच्या दाव्याबद्दल थोडक्यात. ग्लुटामीन नावाच्या अमिनो आम्लामुळे आतड्याचं अस्तर भरून येतं असं सांगतात, पण ते अभ्यास सुट्या ग्लुटामीनच्या मोठ्या डोसचे आहेत, आणि सुटं ग्लुटामीन जास्त वेळ उकळलं की टिकत नाही. उलट माझ्या नवऱ्याला, ज्याचं पोट आधीच नाजूक, सॅशे घेतलं की गॅस व्हायचा आणि घरच्या रश्श्याने होत नव्हता. सॅशेतल्या कांदा-लसूण पावडरमध्ये फ्रुक्टन नावाची न पचणारी कर्बोदकं असतात, ती आयबीएस म्हणजे नाजूक आतड्याचा त्रास असलेल्या बऱ्याच जणांना सोसत नाहीत. पोटाच्या नावाने विकायच्या वस्तूत ती घालायचीच कशाला?

अजून एक, ज्यांचा सांधा युरिक अॅसिडमुळे सुजतो त्यांनी सांधेदुखीसाठी म्हणून हे सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचाराच. मांस-हाडं उकळताना प्युरीन, ज्यांचं शरीरात युरिक अॅसिड होतं, पाण्यात उतरतात आणि ६२७-६३१ हीसुद्धा प्युरीन वर्गातलीच.

आता आमच्याकडे पाय पंधरा-वीस दिवसांतून एकदा, आवडतात म्हणून. मीठ ताटात बसल्यावर चिमूटभर. फिजिओची फी न चुकवता. उघडलेल्या बॉक्सचा रिफंड मिळत नाही असं कंपनीने कळवलंय, त्यामुळे उरलेली सॅशे मी चार माणसांच्या आमटीत वेगळं मीठ न घालता एकेक करून संपवतेय, चव छान येते.