रोखा तसाच ठेवावा की त्यावर सीडीएस घ्यावा?

समजा, एका अमेरिकी कंपनीचे १ कोटी डॉलर दर्शनी किमतीचे पाच वर्षांचे रोखे तुमच्याकडे आहेत. व्याज ७ टक्के. तेवढ्याच मुदतीच्या सरकारी रोख्यावर ४ टक्के मिळतात. कंपनी बुडाली तर भरपाई देणाऱ्या क्रेडिट डिफॉल्ट स्वॅपचा, म्हणजे सीडीएसचा, प्रीमियम वर्षाला ३ टक्के आहे.

सीडीएस घेतला तर हाती ४ टक्केच उरतात, म्हणजे सरकारी रोख्याइतकेच. वरचे ३ टक्के जोखमीचे होते आणि जोखमीबरोबर तेही गेले. म्हणून प्रश्न एवढाच, की ही किंमत रास्त आहे का? ढोबळ हिशेब असा:

प्रीमियम ≈ वर्षभरात बुडण्याची शक्यता × (१ − वसुली)

वसुली म्हणजे कंपनी बुडाल्यावरही रोख्याच्या किमतीतला जो हिस्सा परत मिळतो तो. बिनतारण रोख्यांवर ती ४० टक्के धरण्याचा बाजाराचा रिवाज आहे. मग ३ भागिले ०.६०, म्हणजे बाजार वर्षाला ५ टक्के शक्यता धरतो आहे. तुमच्या अभ्यासानुसार ती ३ टक्केच असेल, तर अपेक्षित तोटा १.८ लाख डॉलर आणि तुम्ही भरणार ३ लाख. असा फरक बहुधा असतोच. मंदीत कंपन्या एकदम बुडतात आणि विकणारा त्या धास्तीचाही मोबदला मागतो. हा तोटा पचवण्याची ऐपत असेल, तर मी रोखा तसाच ठेवीन.

आता कंपनी दोन वर्षे एक महिन्याने बुडाली असे धरू. दर तिमाहीला ७५ हजार, असे आठ हप्ते म्हणजे ६ लाख, आणि चालू महिन्याचे २५ हजार. एकूण ६.२५ लाख भरले. वसुली ४० टक्के निघाली, तर सीडीएसमधून ६० लाख मिळतात आणि रोख्याचे ४० लाख उरतात. मुद्दल पूर्ण वाचते. सीडीएस नसता, तर ४० लाखच हाती राहिले असते.

पण वसुलीचा आकडा बुडालेल्या कंपनीच्या रोख्यांच्या लिलावात ठरतो. बुडालेल्या लेहमन ब्रदर्स या अमेरिकी बँकेच्या रोख्यांची किंमत ऑक्टोबर २००८ च्या लिलावात शंभराला ८.६२५ निघाली. १ कोटीवर विकणाऱ्याला ९१,३७,५०० द्यावे लागले. त्याच महिन्यात फॅनी मे या अमेरिकी गृहकर्ज संस्थेच्या वरिष्ठ, म्हणजे परतफेडीत आधी येणाऱ्या, रोख्यांना ९१.५१ भाव आला आणि भरपाई शंभरामागे जेमतेम साडेआठ झाली. रोखा हातात असलेल्याला दोन्हीकडे बेरीज शंभरच येते. उघडा रोखा धरणाऱ्याला मात्र एकीकडे नऊही उरत नाहीत. म्हणून जिथे वसुली फार कमी होईल असे तुम्हाला बाजारापेक्षा अधिक खात्रीने वाटते, तिथे सीडीएस घ्या. वसुली १० टक्केच धरली, तर तोच ३ टक्के प्रीमियम ३.३३ टक्के शक्यतेलाही रास्त ठरतो.

मात्र विकणारा त्या दिवशी उभा हवा. सीडीएस विकणाऱ्या एआयजी या अमेरिकी विमा कंपनीला सप्टेंबर २००८ मध्ये फेडरल रिझर्व्हने ८५ अब्ज डॉलरची उचल दिली, कारण सीडीएसवरचे तारण भागवताना कंपनी कोसळत होती. तेव्हा करारात तारण रोज मोजले जाते का, ते सही करण्याआधी पाहा.