एसडब्ल्यूपी वर्षभर वापरल्यावर: परतावा सोडा, युनिट मोजा

निवृत्तीनंतर इक्विटी फंडातून एसडब्ल्यूपी, म्हणजे दर महिन्याला युनिट विकून ठरावीक रक्कम काढायची सोय, सुरू केली आणि थोड्याच महिन्यांत बाजार पडला. पैसे दर महिन्याला ठरल्या तारखेला खात्यात येतात, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार स्टेटमेंटची आहे. वर ठळक अक्षरांत परताव्याची टक्केवारी, आणि शिल्लक युनिट कुठेतरी खाली बारीक अक्षरांत. पैसे काढणाऱ्यासाठी तोच आकडा सगळ्यात महत्त्वाचा.

एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, १०० असताना ६,००० काढले की ६० युनिट विकली जातात. एनएव्ही ७५ झाली की तेवढ्याच रकमेसाठी ८० जातात. पुढे एनएव्ही पुन्हा १०० झाली तरी ती जादाची २० युनिट परत येत नाहीत. बाजार सावरतो, आपली शिल्लक तेवढी सावरत नाही.

मी कागदावर मांडून पाहिलं. जमा १००, दर वर्षाच्या शेवटी ६ काढायचे, महागाई धरलेली नाही. परतावा ओळीने उणे २०, उणे १०, अधिक २५, अधिक २५ टक्के. चार वर्षांनी उरतात ८१. हेच आकडे उलट्या क्रमाने आले तर उरतात ९२. काहीच काढलं नसतं तर दोन्हीकडे ११२.५ झाले असते. सरासरी तीच, फरक फक्त वाईट वर्षं आधी आली की नंतर, एवढाच.

सुरुवातीला मला वाटायचं, दोन वर्षांचा खर्च लिक्विड फंडात ठेवला की काम झालं. आता मत बदललं आहे. तो साठा संपल्यावर बाजार अजून खालीच असेल तर पुन्हा स्वस्तातच युनिट विकावी लागतात. साठ्याने वेळ मिळतो; खरा उपाय काढायची रक्कम कमी करणं हाच.

त्यासाठी गायटन आणि क्लिंगर या अमेरिकी अभ्यासकांनी २००६ मध्ये मांडलेला नियम मी धरला आहे. काढायची रक्कम भागिले शिल्लक जमा, हा दर सुरुवातीच्या दरापेक्षा २० टक्क्यांहून जास्त वर गेला की रक्कम १० टक्क्यांनी कमी करायची. वरच्या उदाहरणात दर ६ टक्क्यांपासून सुरू होतो, म्हणजे मर्यादा ७.२ टक्के. पहिल्याच वर्षाअखेर जमा ७४ उरते आणि दर ८.१ होतो. म्हणजे दुसऱ्या वर्षी ६ ऐवजी ५.४ काढायचे. पण महागाईमुळे दरवर्षी रक्कम वाढवायची सवय असेल, तर ही कपात घरात चांगलीच जाणवते.

आणि इथेच फंड हाउसने डोकं फिरवलं. चालू एसडब्ल्यूपीची रक्कम बदलता येत नाही. जुनी रद्द करून नवी नोंदवा म्हणाले. रद्द होईपर्यंत पडलेल्या एनएव्हीवर आणखी एक पूर्ण हप्ता गेला. निवृत्त माणसाला रक्कम कमी करायची गरज नेमकी घसरणीतच पडते, मग ही सोय का नसावी? नवीन एसडब्ल्यूपी मी एकाच रकमेची न लावता एक मोठी आणि एक छोटी अशा दोन रकमांत लावली आहे. कपात करायची वेळ आली की छोटी तेवढी बंद करायची, मोठीला हात लावायचा नाही.