फीची आठवण पाठवणारी रात्रीची स्क्रिप्ट: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

परळच्या आमच्या शाळेत फीचं काम माझ्याकडे आहे. थकबाकी गूगल शीटमध्ये असते. एसएमएसवर पैसे घालवायचे नाहीत, म्हणून जूनमध्ये मी ॲप्स स्क्रिप्ट, म्हणजे शीटला जोडलेला, ठरल्या वेळी आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम लिहिला. रोज रात्री नऊ ते दहाच्या दरम्यान ही स्क्रिप्ट शीट वाचते आणि मुदत उलटलेल्या पालकांना मेल पाठवते. फुकट काम होत होतं, मी खूश होते.

13 ऑक्टोबरला सकाळी एका वडिलांचा फोन आला. "मॅडम, डिसेंबरची फी आत्ताच कशी थकली?" शीटमध्ये मुदत 10/12 अशीच दिसत होती. मग एकेक फोन वाढत गेले. आदल्या रात्री 38 घरी तोच मेल गेला होता.

दोष शीटच्या लोकेलचा, म्हणजे तारखा कोणत्या देशाच्या पद्धतीने वाचायच्या त्या सेटिंगचा होता. ते युनायटेड स्टेट्स होतं, म्हणजे आधी महिना, मग दिवस. मी टाकलेला 10 डिसेंबर आत 12 ऑक्टोबर म्हणून साठला होता. दिसायला मात्र फरक शून्य, कारण दाखवतानाही महिनाच आधी येतो.

मग जूनच्या हप्त्याचं काय झालं ते तपासलं, आणि खरा संताप तिथे आला. 10/06 म्हणजे 6 ऑक्टोबर, त्यामुळे चार महिने कुणालाच आठवण गेली नव्हती. मी मात्र पालकांनाच बोल लावत होते. उशिरा प्रवेश घेतलेल्यांची मुदत होती 25/06. पंचविसावा महिनाच नसल्याने ती तारीख नुसता मजकूर म्हणून बसली. मजकुराची आजच्या तारखेशी तुलना केली की स्क्रिप्ट थांबत नाही, उत्तर 'नाही' येतं आणि ती पुढच्या ओळीवर जाते. स्क्रिप्ट कधी चालली याची नोंद जिथे दिसते त्या एक्झिक्यूशन्समध्ये रोज रात्री Completed लिहिलेलं असायचं, आणि त्यावर मी विसंबले. सुरुवातीची चाचणी मी 06/06 टाकून घेतली होती. ती उलटसुलट कशीही वाचली तरी तीच तारीख!

ओळखायची खूण सोपी आहे: कॉलमला संरेखन दिलेलं नसेल तर खरी तारीख उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. पण 10/12 सारखी चूक या खुणेने सापडत नाही. त्यासाठी सेलला महिन्याचं नाव दाखवणारं स्वरूप द्यावं लागतं. लोकेल भारत केलं, तरी आधी साठलेल्या तारखा सुधारत नाहीत. मी सगळ्या पुन्हा टाइप केल्या, दोन दुपारी गेल्या. मुदत खरी तारीख नसेल तर ती ओळ `bad` या यादीत टाकावी, म्हणून स्क्रिप्टमध्ये हे घातलं:

```
if (!(due instanceof Date)) bad.push(row);
```

`bad` मधल्या ओळींचे क्रमांक आणि किती मेल गेले तो आकडा आता रोज रात्री मला येतो. साध्या जीमेल खात्यावरून स्क्रिप्टने मेल पाठवायची मर्यादा दिवसाला 100 जणांची आहे. आमच्या शाळेला तेवढी पुरते, मोठ्या शाळेला पुरणार नाही.

त्या 38 घरी मी स्वतः फोन करून माफी मागितली. डिसेंबरमध्ये मेल बरोबर 10 तारखेच्या रात्री गेले. स्क्रिप्ट मी बंद करणार नाही, पण रोज सकाळी तो आकडा पाहिल्याशिवाय फीची पावती फाडत नाही.