दोन पायांची स्लिंग की स्प्रेडर बीम?

समजा 3 टनांची लांबट फ्रेम उचलायची आहे. तिच्या माथ्यावर 3 मीटर अंतरावर दोन आय बोल्ट, म्हणजे डोक्याला गोल डोळा असलेले बोल्ट आहेत आणि भारमध्य दोन्हींच्या बरोबर मधे येतो. आता हुकातून थेट दोन पायांची स्लिंग सोडायची, की मधे स्प्रेडर बीम हा आडवा दांडा घालून खाली सरळ उभ्या स्लिंगा लावायच्या? मी दोन्ही वापरतो. पण आय बोल्ट दिसले की माझा हात बहुतेक वेळा बीमकडेच जातो.

स्लिंगेवरचा ताण काढायला कोनमापक लागत नाही, टेप पुरतो. एका पायाची लांबी L, हुकापासून आय बोल्टांच्या रेषेपर्यंतची उभी उंची H आणि वजन W असेल, तर:

T = (W / 2) × (L / H)

3 मीटरचे पाय घेतले तर उंची 2.6 मीटर येते, आडव्याशी कोन 60 अंश आणि प्रत्येक पायात ताण 1.73 टन. छप्पर आड येतं म्हणून 2 मीटरचे पाय घेतले, तर उंची 1.32 मीटर, कोन 41 अंश आणि ताण 2.27 टन. 30 अंशांवर तर प्रत्येक पायावर पूर्ण 3 टन येतात, त्याच्या खाली मी जातच नाही. स्लिंगेच्या टॅगवरचा कोन मात्र बहुधा उभ्यापासून मोजलेला असतो, तेवढं वाचताना सांभाळा.

साखळी निवडताना टॅगलाच मान द्यावा. ग्रेड 8 ची 8 मिमी साखळी एका पायात 2 टन घेते, म्हणजे 1.73 टनांना ती पुरायला हवी असं वाटतं. पण दोन पायांच्या टॅगवर उभ्यापासून 45 अंशांपर्यंतच्या सगळ्या कोनांसाठी एकच आकडा असतो, 2.8 टन, आणि आपलं वजन 3 टन आहे. म्हणून 10 मिमी घ्यायची. तिच्यावर 45 अंशांपर्यंत 4.25 आणि 45 ते 60 मधे 3.15 टन असतात, म्हणजे आखूड पायांनाही ती चालते. पायांच्या टोकांना 3.25 टनांचे बो शॅकल पुरतात. इथपर्यंत दोन पायांची स्लिंग सोपी, हलकी आणि झटपट लागणारी आहे.

अडतं ते आय बोल्टपाशी. खांद्याचा, म्हणजे डोळ्याखाली पृष्ठभागावर टेकणारी कड असलेला आय बोल्ट सरळ वर ओढला तरच पूर्ण क्षमता देतो. उभ्यापासून 45 अंश तिरका ओढला की उत्पादकांच्या तक्त्यांत ती 25 ते 30 टक्क्यांवर येते. तिरक्या ओढीला मी 45 अंशांपर्यंत सरसकट 30 टक्के आणि पुढे 25 टक्के धरतो. मग 1.73 टनांसाठी उभ्या ओढीत 5.8 टन क्षमतेचा आय बोल्ट लागतो. आखूड पायांना ते 9 टनांच्या पुढे जातं. बीमखाली सरळ ओढीत 1.5 टन पुरतात. बिनखांद्याचा असेल तर तिरकी ओढ द्यायचीच नाही.

ही घटवलेली क्षमताही मिळते ती डोळा स्लिंगेच्या ओढीच्या रेषेत असेल तरच. माझा कौल फिरला तो इथेच. बोल्ट खांदा टेकेपर्यंत आवळला की डोळा नेमका आडवा थांबतो. उलटा फिरवून रेषेत आणावा, तर खांद्याखाली फट राहते आणि ओढीने बोल्टाची मान वाकते. मग पातळ शिमा घालत, काढत, पुन्हा आवळत बसायचं, तेही दोन्ही बोल्टांना. खांद्याखाली कागद सरकला किंवा डोळा लांबट दिसला, तर तो बोल्ट बाद. माझ्या अनुभवात बीम जोडायला लागणारा वेळ या खटपटीपेक्षा कमीच असतो. सरळ ओढीत डोळा कुठेही तोंड करून थांबला तरी चालतं, फक्त खांदा पूर्ण टेकलेला हवा.

दुसरा फायदा फ्रेमला. 2 मीटरच्या पायांनी आय बोल्टांना आतल्या बाजूला 1.7 टनांचा आडवा रेटा बसतो आणि पातळ पत्र्याची चौकट त्याने आवळली जाते. बीम असला की आडवा रेटा तो स्वतः दाबात घेतो. बीमच्या वरच्या स्लिंगांना मात्र कोन राहतोच. बीमचं वजन 150 किलो धरलं तर वरच्या 3 मीटर पायांत 1.82 टन येतात.

स्प्रेडर बीम उंची मात्र खातो. वरचा त्रिकोण 2.6 मीटर आणि खालच्या स्लिंगा 1 मीटर, म्हणजे हुकाखाली 3.6 मीटर लागतात. तेवढी जागा नसेल तर मधोमध हुक घेणारी लिफ्टिंग बीम बघावी. ती वाकणारा भार सोसते, म्हणून जड असते, पण वरचा त्रिकोण वाचतो. आय बोल्ट काढून फिरती होइस्ट रिंग बसवता येत असेल तर 3 मीटर पायांची स्लिंगही उत्तम, कारण रिंग ओढीकडे स्वतः वळते आणि तिरकेपणासाठी क्षमता घटवावी लागत नाही. आणि फ्रेमवर स्लिंगेच्या रेषेतच, तिरक्या ओढीसाठी डिझाइन केलेले वेल्ड केलेले लग असतील, तर मी बीम बाहेर काढतही नाही.