नवा राऊटर फोनवरून लावताय? ॲप कुठे पुरतं, ब्राउझर कुठे लागतो

घरात लॅपटॉप असतो तो ऑफिसचा, आणि त्याला हात लावायची सोय नसते. त्यामुळे नवा राऊटर खोक्यातून काढला की कामाला येतो तो फोनच. फोनवरून दोन वाटा आहेत: कंपनीचं ॲप, नाहीतर ब्राउझरमध्ये राऊटरचा पत्ता टाकून त्याचं सेटिंगचं पान उघडणं. दुकानदार ॲप सुचवतो, कनेक्शन द्यायला आलेला मुलगा थेट ब्राउझर उघडतो. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर असतं.

उदाहरणाला कर्वेनगरच्या मावशींचं घर घेऊ. स्थानिक केबलवाल्याचं फायबर, जुना राऊटर काढून त्याजागी टीपी-लिंकचा Archer C6 आणलेला. त्याचं ॲप Tether. ते आधी मोबाइल डेटावर उतरवून घ्यायचं, कारण नव्या राऊटरला जोडल्यावर नेट नसतंच. मग राऊटरच्या पोटाखालच्या लेबलवरचं वाय-फायचं नाव आणि पासवर्ड घालून फोन जोडायचा. ॲप लोकेशनची परवानगी मागतं, आयफोन ‘लोकल नेटवर्क’ची मागतो. ती नाकारली तर ॲपला राऊटर सापडतच नाही आणि माणूस उगाच वायरी हलवत बसतो.

ब्राउझरच्या वाटेवरचा खड्डा वेगळा. `http://192.168.0.1` टाकलं तरी पान उघडत नाही. बहुतेक वेळा राऊटर ठीक असतो. या वाय-फायवर नेट नाही असं बघून फोन गुपचूप मोबाइल डेटाकडे वळलेला असतो. मोबाइल डेटा बंद करायचा, ‘इंटरनेट नसलं तरी जोडलेलं ठेवू का’ असं विचारलं तर हो म्हणायचं. पत्ता लिहिताना पुढचं `http://` सोडायचं नाही, नाहीतर काही ब्राउझर आकडे सरळ शोधायला नेतात. ‘सुरक्षित नाही’ ही सूचना दिसेल. घरातल्या घरात हे पान उघडताना त्या सूचनेला घाबरायचं कारण नाही. राऊटर दुसऱ्या कंपनीचा असेल तर पत्ताही वेगळा असू शकतो. फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कच्या तपशिलात ‘गेटवे’ किंवा ‘राऊटर’ म्हणून जो आकडा दिसतो, तोच तो.

इथपर्यंत ॲप उजवं, यात वाद नाही. पुढे ते विचारतं की कनेक्शन कुठल्या प्रकारचं आहे. केबलवाल्याने युजरनेम-पासवर्ड दिला असेल तर PPPoE, काहीच दिलं नसेल तर बहुधा Dynamic IP. मावशींकडे PPPoE होतं. युजरनेम-पासवर्ड बरोबर घातला, तरी राऊटरवरचा इंटरनेटचा दिवा नारिंगीच राहिला. नारिंगी म्हणजे वायर लागली आहे, पण नेट आलेलं नाही.

अशा वेळी पासवर्ड पुन्हा पुन्हा घालण्यात अर्थ नसतो. बरेच स्थानिक केबलवाले कनेक्शन जुन्या राऊटरच्या मॅक पत्त्याला, म्हणजे त्या यंत्राच्या ओळख क्रमांकाला, बांधून ठेवतात. नवं यंत्र त्यांच्या लेखी परकं. सरळ उपाय म्हणजे फोन करून ‘राऊटर बदललाय, मॅक रीसेट करा’ एवढं सांगायचं. पण रविवारी दुपारी एक ते चारमध्ये फोन कोण उचलणार? तेव्हा ब्राउझरचं पान कामी येतं. Advanced, Network, Internet असं आत गेलं की MAC Clone सापडतं. तिथे एक सापळा आहे. ‘सध्याच्या डिव्हाइसचा मॅक घ्या’ हा पर्याय निवडला तर तुमच्या फोनचा मॅक उचलला जातो, जुन्या राऊटरचा नाही. Custom निवडून जुन्या राऊटरचा पत्ता हाताने टाकायचा. तोही लेबलवरचा नको. लेबलवरचा पत्ता आणि इंटरनेटच्या बाजूचा पत्ता यांत बऱ्याचदा शेवटच्या अक्षराचा फरक असतो. जुना राऊटर सुरू करून त्याच्या स्टेटस पानावर WAN खाली दिसतो तो घ्यायचा. जुना राऊटर विकायची घाई करू नका, ते यासाठी.

पासवर्ड बदलायला दोन्ही वाटा सारख्याच. गोंधळ होतो तो कुठला पासवर्ड, यात. वाय-फायचा वेगळा, राऊटरच्या पानात शिरायचा वेगळा, केबलवाल्याचा PPPoE वाला वेगळा आणि ॲपमध्ये खातं उघडलं तर त्याचा चौथा. चारही एका कागदावर लिहून ठेवावेत. राऊटरचा विसरला तर रीसेटचं बटण दाबून धरावं लागतं आणि PPPoE सकट सगळं पुसलं जातं.

वाय-फायचा पासवर्ड बदलला की तुमचा फोनही त्याच क्षणी तुटतो. ॲप ‘राऊटर सापडत नाही’ म्हणतं, ब्राउझरचं पान फिरत राहतं. बदल झालेला असतो. जुनं नेटवर्क ‘विसरा’ करून नव्या पासवर्डने जोडायचं. मावशींकडे टीव्ही, प्रिंटर आणि दोन स्मार्ट दिवे होते, म्हणून नव्या राऊटरला जुन्याचंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला. सगळं आपोआप जोडलं गेलं. अर्थात जुना पासवर्ड अर्ध्या सोसायटीला माहीत असेल तर ही सोय विसरा.

कोण कोण जोडलंय हे बघायला मात्र ॲपला तोड नाही. यादी समोर दिसते, नावं बदलता येतात, ‘मावशींचा फोन’ असं लिहून ठेवता येतं. ब्राउझरच्या पानावर DHCP Client List नावाची एक यादी असते. ती बघून लोक दचकतात, कारण तासाभरापूर्वी गेलेल्या पाहुण्याचा फोनही तिच्यात राहू शकतो. ती पत्ते वाटल्याची नोंद आहे, हजेरीपट नाही.

दोन्हीकडे अनोळखी नावं येतात. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वाय-फायला खऱ्याऐवजी बनावट मॅक देतात. मॅकचं दुसरं अक्षर 2, 6, A किंवा E असेल, उदाहरणार्थ `5A-…`, तर तो बहुधा असाच पत्ता, आणि बऱ्याचदा घरातल्याच कुणाचा तरी फोन. घरातल्या एकेका फोनचं वाय-फाय बंद करून यादी ताजी करायची. जो गायब झाला तो तो. सगळे ओळखून झाल्यावरही एखादा उरला, तर ॲपमध्ये ब्लॉकचं बटण आहे. पण त्यावर विसंबू नये. समोरच्याने फोनची मॅकची सेटिंग बदलली की तो नव्या पत्त्याने पुन्हा आत. पासवर्ड बदलणं हाच उपाय.

मग निवडायचं काय? साधं कनेक्शन असेल, किंवा तुम्ही हिंजवडीत आणि आईबाबा दुसऱ्या टोकाला, तर ॲपच घ्या. मॉडेलला ती सोय असेल तर खातं जोडलं की लांबूनही यादी दिसते, पासवर्ड बदलता येतो. खातं नको असेल तर बऱ्याच मॉडेलवर नुसत्या राऊटरच्या पासवर्डनेही ॲप चालतं, फक्त घरातून. नारिंगी दिवा हटत नसेल तर मात्र ॲपशी झटापट न करता ब्राउझर उघडा. लांबून बघण्याची एक मर्यादा लक्षात ठेवा: गुरुवारी लाइट गेली असो की केबल तुटली असो, ॲप ‘ऑफलाइन’ एवढंच म्हणतं. नेमकं काय झालंय ते आईला फोन करूनच विचारावं लागतं.