एसआयपीच्या व्हिडिओची संहिता: काही महिने वापरल्यावर

नागपूरच्या मिहानमधल्या आमच्या ऑफिसात नव्यानं लागलेल्या पोरापोरींसाठी एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात ठरावीक रक्कम नियमित टाकत राहणं, समजावणाऱ्या पाच मिनिटांच्या व्हिडिओची तयार संहिता घेतली आणि एका सहकाऱ्याच्या आवाजात रेकॉर्ड केली. तेव्हापासून प्रत्येक बॅचला तीच दाखवतो.

तिचा जीव मधल्या दीड मिनिटात आहे. नायिका महिन्याला २,००० रुपये टाकते. पहिल्या महिन्यात युनिटचा भाव, म्हणजे एनएव्ही, २० रुपये, म्हणून १०० युनिट मिळतात. दुसऱ्या महिन्यात भाव १६ वर घसरतो आणि तेवढ्याच पैशात १२५ युनिट येतात. इथं संहिता मुद्दाम थांबते: टाकले ४,०००, आजची किंमत ३,६००. "सर, पैसे तं कमी झाले ना!" हे वाक्य जवळपास प्रत्येक वेळी इथंच येतं. तिसऱ्या महिन्यात भाव २५, युनिट ८०. एकूण ३०५ युनिट, सरासरी खरेदी १९ रुपये ६७ पैसे, किंमत ७,६२५. हिशेब चोख आहे आणि मोबाइलवर कुणीही पडताळू शकतं.

पण गोष्ट चढत्या भावावरच संपते, त्यामुळे भाव पडला की आपला फायदाच, असा समज घेऊन पोरं उठतात. म्हणून आम्ही एक पाटी जोडली: तिसऱ्या महिन्यात भाव २५ ऐवजी साडेबारा झाला तर? १६० युनिट मिळतील, एकूण ३८५ होतील, पण टाकलेल्या ६,००० ची किंमत ४,८१२ रुपये ५० पैसे. सरासरी खाली आली तरी तोटा उरतोच. ही पाटी आल्यापासून प्रश्न जास्त येतात, आणि मला तेच हवं होतं.

मोठी उणीव तारखेची. हप्ता कोणत्या तारखेला ठेवायचा, यावर संहितेत चकार शब्द नाही. आमचा पगार ७ तारखेला होतो, आणि काहींनी हप्ता ५ तारखेला लावला. महिन्याच्या सुरुवातीला खोलीभाडं गेल्यावर खात्यात उरतं काय? हप्ता परत गेला. फंड कंपनी दंड लावत नाही, पण बँक शुल्क कापते आणि त्या महिन्याचे युनिट मिळत नाहीत. मासिक हप्ता सलग तीनदा चुकला तर एसआयपीच रद्द होते. पासबुकात 'एनएसीएच रिटर्न'सारखी नोंद दिसली की हप्ता परत गेला असं समजायचं. आता नायिका स्वतःच सांगते, "पगारानंतर दोन-तीन दिवस सोडून तारीख घे."

पार्श्वसंगीताच्या सूचना वाचल्यासुद्धा नाहीत. जोखमीची सूचना मात्र घाईत म्हणायला लिहिली होती, ती सावकाश म्हणवून घेतली.

शेवटचं एक वाक्य मात्र फार कामाचं आहे: एसआयपी थांबवली म्हणजे पैसे काढले असं नाही, घेतलेले युनिट खात्यात तसेच राहतात. नोकरी बदलायच्या बेतात असलेले हे वाक्य हमखास पुन्हा लावायला सांगतात.