बिंदूंच्या ढगातून प्रतल काढण्यासाठी एसव्हीडी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

इमारतींच्या भिंती आणि स्लॅब लेझर स्कॅनरने मोजून त्यांचा सपाटपणा तपासणे हे माझे रोजचे काम आहे. पूर्वी मी z = ax + by + c हे समीकरण लघुत्तम वर्ग पद्धतीने बसवीत असे. स्लॅबसाठी ते चालते, पण उभ्या भिंतीला या रूपातले समीकरणच नसते, शिवाय त्यात अंतर फक्त z च्या दिशेने मोजले जाते. प्रतलापासूनचे लंब अंतर कमीत कमी करण्याचा प्रश्न कार्ल पिअरसन यांनी 1901 मध्येच मांडला होता. सिंग्युलर व्हॅल्यू डिकम्पोझिशन, म्हणजे एसव्हीडी, त्याचेच उत्तर देते आणि भिंत कुठल्या दिशेला तोंड करून आहे याचा त्याला फरक पडत नाही. आठ महिने मी हेच वापरतो आहे, ते असे; `P` हा बिंदूंचा तक्ता, दर ओळीत एका बिंदूचे x, y, z:

```python
c = P.mean(axis=0)
U, s, Vt = np.linalg.svd(P - c, full_matrices=False)
n = Vt[2]
rms = s[2] / np.sqrt(len(P))
```

प्रतल `c` या सरासरी बिंदूतून जाते, `n` हा त्याचा लंब आणि `rms` ही बिंदूंची प्रतलापासूनची सरासरी चूक. `c` वजा करायला विसरलात, तर प्रतल मूळबिंदूतूनच जायला भाग पडते आणि उत्तर निरर्थक येते. `full_matrices=False` गाळल्यास एक लाख बिंदूंसाठी `U` एक लाख गुणिले एक लाख आकाराचा होऊ पाहतो, म्हणजे सुमारे 80 जीबी. पहिल्याच आठवड्यात माझा संगणक यापायी गोठला होता.

माझी खरी तक्रार वेगळी आहे, आणि ती चार बिंदूंवरही दाखवता येते. 4 मीटर लांब व 2 मीटर रुंद स्लॅबचे तीन कोपरे शून्य पातळीवर आहेत आणि चौथा 40 मिलिमीटर उचललेला आहे, असे समजा. सिंग्युलर व्हॅल्यू जवळपास 4, 2 आणि 0.02 येतात, शेवटचीला चाराच्या वर्गमुळाने भागले की चूक 10 मिलिमीटर. आता प्रत्येक कोपऱ्याचे प्रतलापासूनचे अंतर पाहावे, तर चारही ठिकाणी बरोबर 10 मिलिमीटरच निघते, आळीपाळीने खाली आणि वर. एकाच कोपऱ्याचा दोष पद्धतीने चौघांत सारखा वाटून टाकला, आणि दोषी कोण हे आकड्यांवरून ओळखण्याची सोयच उरली नाही. बिंदू हजारोंनी असले की एखादा चुकार बिंदू उठून दिसतो. पण स्कॅनच्या आड उभा राहिलेला मिस्त्री किंवा टेकून ठेवलेली फळी शेकडो बिंदू देते आणि प्रतल आपल्याकडे ओढून घेते. म्हणून मी एकदा प्रतल बसवतो, लांबचे बिंदू काढून पुन्हा बसवतो, आणि अंतरांचा रंगीत नकाशा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय अहवाल पाठवत नाही.

दुसरा फटका पुण्याजवळच्या एका कामात बसला. बिंदू यूटीएम या नकाशा-पद्धतीच्या निर्देशांकांत होते आणि उत्तरेचा आकडा 20,50,000 मीटरच्या आसपास होता. फाइल कुणीतरी 32-बिट अपूर्णांकांत जतन केली होती. एवढ्या मोठ्या आकड्यापाशी त्या स्वरूपातल्या दोन लगतच्या संख्यांत 12.5 सेंटिमीटरांचे अंतर असते. पूर्व-पश्चिम पण किंचित तिरकी असलेली भिंत त्यामुळे पायऱ्या-पायऱ्यांची झाली आणि चूक साडेतीन सेंटिमीटरांच्या घरात गेली. मी आधी गवंड्यालाच दोष दिला. भिंतीच्या लांबीवर अंतरे काढली, तेव्हा करवतीच्या दात्यांसारखी रेघ उमटली आणि उलगडा झाला. फाइल वाचून झाल्यावर सरासरी वजा करून उपयोग नसतो, कारण बारकावे आधीच गेलेले असतात. ठरावीक मोठी संख्या जतन करण्यापूर्वीच, 64-बिटमध्ये, वजा करावी लागते.

एकाच रांगेतले बिंदू दिले, तरी कोड मुकाट्याने लंब काढून देतो, हेही खटकते. अशा वेळी `s[1]` आणि `s[2]` दोन्ही स्कॅनरच्या गोंगाटाएवढ्याच असतात आणि प्रतल त्या रेषेभोवती कसेही फिरू शकते. `rms` मात्र छान लहान दिसते. त्यामुळे मी एकटा `rms` छापत नाही, `s` चे तिन्ही आकडे छापतो.

लंबाची दिशाही एसव्हीडी ठरवीत नाही, `n` आणि `-n` त्याला सारखेच. एका मजल्यावरच्या दोन भिंतींत फुगवटा एकीकडे लाल आणि दुसरीकडे निळा आला, तो यामुळेच. आता `n` स्कॅनरच्या बाजूला तोंड करून आहे का हे तपासतो आणि नसेल तर चिन्ह उलटवतो.